नोकरी किती टिकेल, हे मोजायचं कसं? कोल्हापूरच्या एका अकाउंट्स टेबलावरचे २०० तास

माझी मावसबहीण कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, कास्टिंगचं मशिनिंग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. उलाढाल आठेक कोटींची. ऑफिसात हिशेबाला ती एकटीच. वर मालक, आणि महिन्यातून दोनदा येणारा सीएच्या ऑफिसातला मुलगा. गेल्या दिवाळीत फराळ चालू असताना तिने विचारलं, "दादा, बुककीपिंगचं काम मशीनकडे जायची शक्यता ९८ टक्के आहे म्हणे. मी आता नेमकं काय करायचं?"

हा ९८ चा आकडा हवेतला नाही. २०१३ साली ऑक्सफर्डमधल्या कार्ल फ्राय आणि मायकेल ऑसबोर्न या दोघांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेऊन प्रत्येकाला एक आकडा दिला, त्यात हिशेबाच्या कारकुनांच्या वाट्याला ०.९८ आला. अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या धोक्यात, हा गाजलेला मथळाही तिथलाच. पण तो आकडा कसा निघाला ते पाहिलं की त्याची भीती बरीच कमी होते. त्यांनी ७० व्यवसाय निवडले आणि तज्ज्ञांच्या मदतीने हाताने खुणा केल्या: हा पूर्ण यंत्रावर जाऊ शकतो, हा नाही. मग हातांची सफाई, कल्पकता, लोकांशी वागणं अशा नऊ गुणांवरून संगणकाने उरलेल्या व्यवसायांचा अंदाज बांधला. म्हणजे ९८ चा अर्थ '९८ टक्के काम जाणार' असा नाही आणि '९८ टक्के लोक घरी बसणार' असा तर मुळीच नाही. 'हा व्यवसाय तंत्राच्या दृष्टीने यंत्रावर टाकता येण्याजोग्या गटात पडण्याची शक्यता' एवढाच तो अर्थ. केव्हा, कुठे, किती खर्चात, हे त्यात नाही.

तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, आणखी काही अर्थशास्त्रज्ञांनी ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. व्यवसायाच्या नावावर न जाता, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी 'मी दिवसभर काय काय करतो' म्हणून जे सांगितलं होतं ते त्यांनी धरलं. २१ देशांची सरासरी निघाली ९ टक्के. कुठे ४७, कुठे ९! त्या तीन वर्षांत यंत्रं मागे गेली नव्हती. बदललं होतं ते मोजमापाचं एकक. 'अकाउंट्स असिस्टंट' या पाटीखाली एक बाई दिवसभर बिलं चढवते आणि दुसरी अर्धा दिवस पार्ट्यांशी भांडते. पाटी एक, काम निराळं.

म्हणून मी तिला म्हटलं, आकडा सोड. तुझ्या महिन्याचे २०० तास कुठे जातात ते लिहून काढू. २५ दिवस, रोज ८ तास.

तिने दोन आठवडे वहीत टिपून ठेवलं. आठवणीवर विसंबून हे करू नये, कारण माणसाला त्रासदायक काम मोठं वाटतं आणि सवयीचं काम दिसतच नाही. तिला आधी वाटत होतं की आपला निम्मा वेळ वसुलीत जातो. वहीत तो आठवा भाग निघाला. मग आम्ही शेजारी दुसरा रकाना काढला: आज बाजारात असलेलं सॉफ्टवेअर नीट बसवलं, तर यातले किती तास उरतील? हे अंदाज आमचे दोघांचे आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत, आणि तुमच्या टेबलावर ते वेगळे निघतील.

| काम | आजचे तास | उरणारे तास |
|---|---|---|
| खरेदी बिलांच्या एन्ट्र्या | ६० | २२ |
| विक्री बिलं, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल | ३० | १५ |
| बँकेचं रिकन्सिलिएशन | २० | ६ |
| जीएसटीच्या टू-बी तक्त्याशी बिलांची जुळवणी | १२ | २ |
| न जुळलेल्या बिलांसाठी पार्ट्यांना फोन | १८ | १५ |
| जीएसटी, टीडीएसच्या विवरणपत्रांची तयारी | १५ | ७ |
| वसुली | २५ | २० |
| जॉबवर्कची चलनं, रिजेक्शन, डेबिट नोट | १२ | १० |
| नोटिसा, ऑडिटचे प्रश्न, मालकाला हिशेब देणं | ८ | ७ |
| एकूण | २०० | १०४ |

९६ तास गेले. ४८ टक्के. ९८ ही नाही आणि शून्यही नाही. आता खरा प्रश्न दुसऱ्या रकान्यातले आकडे कुठून आणायचे हा, कारण सगळी चूक तिथेच होते.

बहुतेक लोक विचारतात, 'हे काम मशीनला जमेल का?' हा प्रश्न निसरडा आहे. चांगला डेमो दाखवला की सगळंच जमेलसं वाटतं, आणि डेमोत एक चूक पकडली की काहीच जमणार नाही असं वाटतं. त्यापेक्षा २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्यवसायांवर चॅटजीपीटीसारख्या भाषिक मॉडेलांचा परिणाम मोजणाऱ्या एका अभ्यासाने लावलेली कसोटी मला उपयोगी वाटते: दर्जा न घसरता या कामाचा वेळ निदान निम्मा होतो का? जमतं की नाही यापेक्षा वेळ किती वाचतो, हे विचारायचं. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट बघायची: हे काम आपल्या टेबलावर येतं तेव्हा कोणत्या रूपात येतं?

खरेदी बिलांचंच घ्या. ६० तास म्हणजे तिचं सगळ्यात मोठं काम, आणि पाहणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं: बिल घ्या, टॅलीत चढवा. पण ढीग वेगवेगळे केले तर त्यात दोन जाती आहेत. निम्म्याहून जास्त वेळ जातो तो फाउंड्री, टूल्सवाले, स्टीलचे व्यापारी अशा मोठ्या पुरवठादारांच्या बिलांवर. ही मंडळी ई-इन्व्हॉइसच्या कक्षेत आहेत. त्यांचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून, क्यूआर कोड घेऊनच निघतं. त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या खान्यातला आहे हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे ते वाचायला हुशारी लागतच नाही. त्याचे ३५ तास आम्ही ७ वर आणले. उरलेले २५ तास ज्या बिलांवर जातात ती म्हणजे वेल्डिंगवाल्याचं हाताने लिहिलेलं बिल, टेम्पोचं भाडं, कुरिअर, चहावाल्याची महिन्याची चिठ्ठी, आणि कागद तेलाने इतका माखलेला की तारीख १ आहे की ७ कळत नाही. फोटो काढून वाचणारी सॉफ्टवेअरं आता यातलंही बरंच वाचतात. पण वाचल्यावर ते कुठल्या खात्यात टाकायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. 'मशीनचं काम केलं, ₹४८,०००.' ही दुरुस्ती आहे की मशीनला नवा भाग बसवला? पहिलं असेल तर यंदाचा खर्च, दुसरं असेल तर भांडवली मालमत्ता, आणि त्यावर घसारा. हे कळायला शॉपफ्लोअरवर जाऊन फिटरला विचारावं लागतं. म्हणून २५ चे आम्ही १५ केले.

मशीन किती हुशार आहे यापेक्षा तुमच्याकडे येणारा कागद किती साफ आहे, यावर तास ठरतात. आणि कागद साफ करण्याचं काम बहुतेक वेळा तंत्रज्ञान करत नाही, नियम करतो. ई-इन्व्हॉइसचंच बघा. १ ऑक्टोबर २०२० ला तो फक्त ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू झाला. तेव्हा शिरोलीत कुणी त्याची फिकीर केली नाही. तीनच महिन्यांत मर्यादा १०० कोटींवर आली, मग ५०, २०, १० अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर. तीन वर्षांच्या आत हा नियम बड्या उद्योगसमूहांपासून बहिणीच्या टेबलापर्यंत पोचला. तिच्या पुढच्या दहा वर्षांचा अंदाज करायचा तर कुठल्या नव्या मॉडेलची बातमी वाचण्यापेक्षा ही मर्यादा आणखी कुठे जाते ते पाहणं जास्त कामाचं. ती खाली सरकली, तर आज हाताने बिल लिहिणारा तो वेल्डिंगवाला नाही, तरी त्याच्या वरचे दोन-तीन पुरवठादार 'साफ' ढिगात जातील.

टू-बीची गोष्टही तीच. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुरवठादाराने आपलं बिल सरकारकडे दाखवलं, की दर महिन्याच्या १४ तारखेला ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसतं. जानेवारी २०२२ पासून, तिथे न दिसणाऱ्या बिलावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे तक्ता आणि आपली वही जुळवणं म्हणजे थेट पैशाचं काम. यात जुळवणीचे १२ तास जवळजवळ सगळे जातील असं आम्ही धरलं. एकाने 'INV/045' लिहिलं आणि दुसऱ्याने नुसतं '45', हे एकच बिल आहे हे ओळखायला आता माणूस लागत नाही. पण जे जुळत नाही त्याचे १८ तास १५ वरच थांबतात. कारण पुढचं काम म्हणजे पार्टीला फोन. पार्टी म्हणते, "अहो, आमच्या सीएकडे विचारा." सीए म्हणतो, "त्यांनी माझी फी दिलेली नाही." बिल भलत्याच नोंदणी क्रमांकावर दाखवलंय हे तिसऱ्या फोनला कळतं. हा घोळ सॉफ्टवेअर दाखवू शकतं, पण दुसऱ्याच्या सीएची राहिलेली फी ते मिटवू शकत नाही.

दुसरा रकाना भरताना कागदाच्या साफपणाखालोखाल एक प्रश्न विचारायचा: चूक झाली तर ती कुणाला आणि किती दिवसांनी कळेल? बँकेच्या जुळवणीत चूक लगेच दिसते, कारण शिल्लक जुळत नाही. असं काम यंत्रावर टाकायला मालक घाबरत नाही. म्हणून २० चे ६. याउलट कारच्या दुरुस्तीवर किंवा कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या बिलावर कराची वजावट बहुधा मिळत नाही. ती चुकून घेतली तर तेव्हा कुठलाच दिवा लागत नाही. दोन-अडीच वर्षांनी नोटीस येते, व्याजासकट. भाषिक मॉडेलांची चूक नेमकी या जातीची असते. एन्ट्री नीटनेटकी, खातं पटण्यासारखं, वर्णन सुरेख, आणि तरी चूक. जुन्या सॉफ्टवेअरला कळलं नाही की ते अडून बसायचं. हे अडत नाही. त्यामुळे अशा कामात वाचलेल्या वेळातला काही भाग तपासणीत परत जातो, आणि तपासणाऱ्याला एन्ट्री करणाऱ्यापेक्षा जास्त कळावं लागतं. माझ्या मते दुसरा रकाना भरताना लोक सर्वाधिक फसतात ते इथेच. ते तपासणीचे तास धरतच नाहीत.

पगाराचा प्रश्न मात्र आपल्याकडे उगाच मोठा केला जातो. 'भारतात माणूस स्वस्त, इथे कोण यंत्र आणतंय' हे आपण रोबोटच्या बाबतीत म्हणू शकतो. सॉफ्टवेअरला ते लागू होत नाही. समजा पगार ₹१८,०००. म्हणजे तासाला ₹९०, आणि वाचणारे ९६ तास म्हणजे महिन्याला ₹८,६४० चं काम. महिना दोन-तीन हजारांचं सॉफ्टवेअर या हिशेबात सहज बसतं. मशीनवर कास्टिंग चढवणारा रोबोटचा हात या हिशेबात बसायला बराच वेळ लागेल. तिच्याच कारखान्यातल्या मेंटेनन्स फिटरचा तक्ता काढला तर दुसरा रकाना पहिल्याला जवळपास चिकटलेला निघेल. तुंबलेली कूलंटची लाइन मोकळी करणं, आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणं, अंगठा जेमतेम शिरतो तिथला बोल्ट काढणं. कागद साफ नाही, किंबहुना कागदच नाही.

आता ४८ टक्क्यांचं करायचं काय? इथे लोक सरळ गुणाकार करतात: निम्मं काम गेलं म्हणजे निम्मी नोकरी गेली. पण निम्मा माणूस काढता येत नाही. बहीण ऑफिसात एकटी आहे. ९६ तास मोकळे झाले तरी मालकाला तिला ठेवावंच लागेल. फार तर तो तिच्याकडे खरेदीचं किंवा पगाराचं काम देईल. आता तिच्यासारखीच चार माणसं एखाद्या मोठ्या कंपनीच्या हिशेब केंद्रात शेजारी शेजारी बसलेली कल्पा. चौघांचे मिळून ८०० तास, त्यातले उरतात ४१६. म्हणजे दोन माणसं आणि थोडं वर. तिथे दोन खुर्च्या रिकाम्या होतात, किंवा अधिक वेळा असं होतं की कुणाला काढत नाहीत, सोडून गेलेल्याची जागा भरत नाहीत. शिवाय मोठ्या केंद्रात कामाची वाटणी बारीक असते. एखादीच्या वाट्याला फक्त खरेदीच्या एन्ट्र्या असतील तर तिचा आकडा ४८ नाही, ६३ आहे. आपल्या तक्त्यातल्या ६० पैकी ३८ तास. काम तेच, पाटी तीच, पण किती जण तेच काम करतात आणि तुमच्या वाट्याला त्यातला कुठला तुकडा आला, यावर धोका ठरतो. चकचकीत ऑफिसातली जागा शिरोलीतल्या टेबलापेक्षा कच्ची असू शकते.

दुसरी गोष्ट मागणीची. अमेरिकेत एटीएम आल्यावर बँकेच्या शाखेत सरासरी २० कॅशियर लागायचे तिथे १३ पुरू लागले. १९८८ ते २००४ या काळातला हा बदल अर्थशास्त्रज्ञ जेम्स बेसन यांनी नोंदवला आहे. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शाखा वाढवल्या आणि कॅशियरची एकूण संख्या घटली नाही. ही गोष्ट आशावादी लोक नेहमी इथेच थांबवतात. पुढे मोबाइल बँकिंग आलं, शाखेत जायचं कारणच संपत गेलं, आणि २०१० नंतर तीच संख्या घसरायला लागली. एटीएमने कॅशियरचं एक काम घेतलं होतं, मोबाइलने गिऱ्हाईकच घेतलं. तुमच्या तक्त्यात हा फरक दिसणार नाही, तो वेगळा विचारावा लागतो: माझं काम स्वस्त झालं तर लोक ते जास्त मागतील, की त्यांना त्याची गरजच उरणार नाही? हिशेबाचं उत्तर मिश्र आहे. नोंदणी स्वस्त झाली म्हणून कुणी जास्त नोंदी मागणार नाही. पण 'कुठल्या पार्टनंबरवर आपण पैसे कमावतो आणि कुठल्यावर घालवतो' हे आज शिरोलीतल्या आठ कोटींच्या मालकाला बहुधा कळत नाही, कारण ते काढायला कुणाला वेळच नसतो. तो वेळ मिळाला तर त्याची मागणी आहे.

कायद्याच्या छत्रीबद्दलही एक सांगायला हवं, कारण बरेच जण तिच्या भरवशावर असतात. कंपनीच्या ऑडिट अहवालावर सीएचीच सही लागते, आणि २०१९ पासून अशा प्रत्येक कागदाला यूडीआयएन हा क्रमांकही घ्यावा लागतो. दहा वर्षांत ही सही यंत्राकडे जाईल असं मला वाटत नाही, कारण चुकलं तर कुणाला धरायचं हे कायद्याला माहीत असावं लागतं. पण छत्री सहीपुरतीच आहे. सही करणाऱ्याच्या हाताखाली व्हाउचर टिकमार्क करणारी चार मुलं छत्रीबाहेर उभी आहेत. 'हे क्षेत्र सुरक्षित आहे' असं कुणी म्हणालं की विचारावं, क्षेत्रातला कोण?

आता निवड. बहिणीच्या डोक्यात तीन पर्याय होते. पहिला, पुण्यातल्या एका मोठ्या केंद्रातली खरेदी एन्ट्रीची जागा. पगार साडेचार हजारांनी जास्त. दुसरा, एका सीएकडे जीएसटीच्या नोटिसांना उत्तरं तयार करण्याचं काम. तिसरा, आहे तिथेच राहून कॉस्टिंग, म्हणजे प्रत्येक नगाचा खरा खर्च काढणं, शिकणं.

पर्याय तोलताना आम्ही तक्त्यातला उरलेला भाग पुन्हा पाहिला. १०४ तासांतले फोनचे १५, वसुलीचे २०, जॉबवर्कचे १० आणि मालक-नोटिसांचे ७ वेगळे काढले तर ५२ होतात. बरोबर निम्मे. हे तास माणसांशी, मालाशी आणि जबाबदारीशी बांधलेले आहेत. दहा वर्षं टिकणारी भूमिका शोधायची तर कोरी पाटी घेऊन 'कुठलं क्षेत्र चालेल' असं न विचारता, या ५२ तासांना २०० पर्यंत वाढवणारी खुर्ची कुठे आहे ते पाहायचं. तिथे तुम्ही नवशिके नसता.

या मापाने पुण्याचा पर्याय पडला. तिथले जवळजवळ सगळे तास पहिल्या ओळीतले. साडेचार हजार जास्त, पण ५२ तासांची सवय मोडणार, आणि ती मोडली की परत येणं अवघड. (एक अट सांगतो: वर्षभरासाठी, घरच्या गरजेसाठी पैसे हवे असतील तर जावं. दहा वर्षांचा हिशेब वेगळा आणि यंदाच्या फीचा हिशेब वेगळा.)

नोटिसांचं काम दिसायला भक्कम, पण त्यातही दोन थर आहेत. कलमं शोधून उत्तराचा मसुदा लिहिणं हे भाषिक मॉडेलांच्या ऐन हातखंड्याचं काम आहे. फ्राय आणि ऑसबोर्न यांनी कल्पकता हा यंत्राच्या वाटेतला अडसर धरला होता. २०२२ नंतर मजकूर लिहिण्यापुरता तरी तो अडसर बराच ढासळला. म्हणजे मसुदे लिहिणारी म्हणून जायचं तर आपण एका घसरडीवरून दुसऱ्या घसरडीवर. पण अशिलाच्या खोक्यातून नेमका चलनाचा कागद शोधणं, तो का नाही याचं कारण काढणं, अधिकाऱ्यासमोर सुनावणीला उभ्या राहणाऱ्या माणसाबरोबर जाणं, हा थर टिकेल. तो पर्याय घ्यायचा तर मुलाखतीत विचारायचं: महिन्यातले किती तास मसुद्याचे आणि किती कागद गोळा करण्याचे, सुनावणीचे?

कॉस्टिंगचं तिला आधी पुस्तकी वाटत होतं. पण तिच्या १२ तासांच्या ओळीतच ते लपलेलं आहे. १०० नग मशिनिंगला गेले, ९३ परत आले, ४ रिजेक्ट, ३ कुठे? रिजेक्शन कास्टिंगमधल्या भोकामुळे की मशिनिंगच्या चुकीमुळे? पहिलं असेल तर डेबिट नोट फाउंड्रीला जाते, दुसरं असेल तर नुकसान आपलं. हा वाद कागदावर सुटत नाही. नग हातात घेऊन, क्वालिटीवाल्याला बरोबर घेऊन सुटतो. ज्याला हे माहीत आहे तोच सांगू शकतो की या पार्टनंबरचा खरा खर्च किती. हे आकडे गोळा होऊन स्वच्छ झाले की गुणाकार यंत्र करेल, हे खरंच. पण छोट्या कारखान्यात ते आकडे आज गोळाच होत नाहीत, आणि ते गोळा करायला लावणारा माणूस लागतो. सायकल टाइम लिहून ठेव म्हणून ऑपरेटरच्या मागे कुणी लागायचं?

या निवडीतही एक खोट आहे. टिकणारं काम म्हणजे चांगल्या पगाराचं काम असं नाही. घरोघरी वायरिंग करणाऱ्याचं काम टिकेल, पण बाकीची कामं आटली आणि हजारो लोक तिकडेच वळले तर दर दबतील. म्हणून पर्याय बघताना आणखी विचारायचं की इथे शिरायला किती वेळ लागतो. दोन महिन्यांत शिकता येण्यासारखं असेल तर गर्दी होणारच. जॉबवर्कचा घोळ सोडवायला बहिणीला सहा वर्षं लागली आहेत.

नवीन मुलांच्या बाबतीत मात्र माझ्याकडे असं नीट उत्तर नाही. बहीण जे ५२ तासांचं काम करते ते ती एन्ट्र्या करता करताच शिकली. कुठली पार्टी बिल उशिरा दाखवते, कुठल्या चलनावर नेहमी खाडाखोड असते, हे हजारो बिलं हाताखालून गेल्यावरच कळतं. एन्ट्र्या गेल्या की ती शिडीची पहिली पायरी जाते. आज बीकॉम होऊन येणाऱ्याने एकट्या माणसाचं टेबल असलेला छोटा कारखाना बघावा, असं मी सांगतो. तिथे पगार कमी असतो, पण पहिल्याच वर्षी गेटपासून बँकेपर्यंत सगळा कागद बघायला मिळतो.

बहिणीने शेवटी तिसरा पर्याय घेतला आणि तक्त्यात एक नवा रकाना काढून ठेवला, पुढच्या दिवाळीसाठी. त्यात ती तीनच गोष्टी टिपते. महिन्यातली किती खरेदी बिलं क्यूआर कोड घेऊन आली. सॉफ्टवेअरने भरलेल्या एन्ट्र्यांपैकी किती तिला दुरुस्त कराव्या लागल्या. आणि आसपासच्या कारखान्यांतून कुणी हिशेबाचं माणूस मागितलं तर कशासाठी मागितलं, 'टॅली येणारी' हवी होती की आणखी काही. गेल्या महिन्यात क्यूआरवाली बिलं ५१ निघाली, एकूण १४० पैकी. दुरुस्त्यांचा आकडा तिने अजून सांगितलेला नाही. म्हणाली, आधी फाउंड्रीची डेबिट नोट निपटू दे, मग बसू.